२९८ चे ३१६ झाले, म्हणजे पडद्याची सूज वाढली का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही कागलचे. बाबा ६३ वर्षांचे, शुगर १५ वर्षांपासून. जूनमध्ये कोल्हापुरात ओसीटी केलं तेव्हा उजव्या डोळ्याचा मधला आकडा २९८ होता, डाव्याचा २५२. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या दवाखान्यात केलं तर ३१६ आणि २६९ आले. सूज वाढलीय, उजव्या डोळ्यात इंजेक्शन घ्या म्हणालेत. पण उजव्यानं बाबांना स्वच्छ दिसतंय, ६/६ लिहिलंय. त्रास डाव्याचा आहे, तिथं ६/२४. आणि डाव्याचे चौकोन तर सगळे हिरवे आहेत! आकडा धरायचा की दिसणं? दोन्ही रिपोर्टचे फोटो जोडलेत.

उत्तर: फोटो मोठे करून दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. उजव्या डोळ्याची सूज तीन महिन्यांत वाढली, असं या दोन कागदांवरून म्हणता येत नाही. जूनचा रिपोर्ट सिरस मशीनवरचा आहे आणि सप्टेंबरचा स्पेक्ट्रॅलिसवरचा. कागदाच्या कोपऱ्यात मशीनचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. तुमच्या बाबतीत मात्र सगळा प्रश्न त्या बारीक अक्षरापाशीच आहे.

ओसीटी मशीन पडद्याची जाडी थेट मोजत नाही. प्रकाशाच्या परताव्यावरून ते आधी पडद्याचा उभा छेद काढतं, केक कापल्यावर थर दिसतात तसा. मग त्या छेदावर सॉफ्टवेअर दोन रेघा ओढतं. वरची रेघ पडद्याच्या आतल्या पृष्ठभागावर असते आणि खालची पडद्याच्या तळाशी. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे आपला आकडा, मायक्रॉनमध्ये. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे आपण पाव मिलिमीटरच्या आसपासच्या गोष्टीबद्दल बोलतोय. वरच्या रेघेबद्दल सगळी मशीन्स एकमतानं वागतात. तळाची रेघ कुठे धरायची, तिथे मात्र फरक आहे. सिरस रंगद्रव्याच्या थरापाशी थांबतं, म्हणून त्याच्या कागदावर ILM - RPE असं लिहिलेलं दिसेल, ILM म्हणजे वरची रेघ आणि RPE म्हणजे हा रंगद्रव्याचा थर. स्पेक्ट्रॅलिस तो थर धरून त्याच्याही खालच्या ब्रुक्स मेम्ब्रेनपर्यंत जातं. त्यामुळे तोच डोळा, तोच दिवस, तरी स्पेक्ट्रॅलिसवर आकडा साधारण १५ मायक्रॉननं मोठा येतो. ज्यांच्याकडे फार जुन्या, स्ट्रॅटस मशीनचे कागद आहेत त्यांना तर पन्नासेक मायक्रॉनची तफावत दिसेल, कारण ते मशीन तळापर्यंत न जाता प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मधल्या रेघेवरच थांबायचं.

आता तुमचे आकडे बघा. उजव्या डोळ्यात २९८ चे ३१६, फरक १८. डाव्या डोळ्यात २५२ चे २६९, फरक १७. ज्या डोळ्यात सूज आहे आणि ज्यात नाही, दोन्ही जवळजवळ सारखेच वाढले. मधल्या वर्तुळाभोवतीच्या चौकोनांतही तेच झालंय. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा चौकोन ३३४ वरून ३५० वर गेलाय आणि कानाकडचा ३६९ वरून ३८५ वर. मधुमेहाची सूज अशी सगळीकडे सारखी, मोजून मापून वाढत नाही. ती एखाद्या गळक्या केशवाहिनीपाशी सुरू होते, एका बाजूला फुगते, दुसरी बाजू तशीच राहते. सगळे चौकोन एकाच मापानं वर सरकले की आधी मशीन बदललंय का ते पाहायचं. एक शक्यता मात्र डोक्यात ठेवा: मूत्रपिंड कमजोर होऊन अंगात पाणी साठलं, तर दोन्ही डोळ्यांचे पडदे एकदम थोडे जाड होऊ शकतात. बाबांचे पाय सुजत असतील किंवा क्रिएटिनिन सहा महिन्यांत तपासलं नसेल, तर ते करून घ्या. इथे मशीनचं कारण समोर दिसतंय, पण १५ वर्षांच्या मधुमेहात ही तपासणी तशीही वेळेवर व्हायला हवी.

कागदावरच्या त्या नऊ खणांची रचना सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच बरंच कळेल. मधलं छोटं वर्तुळ एक मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याभोवतीचं कडं तीन मिलिमीटरपर्यंत आणि बाहेरचं सहा मिलिमीटरपर्यंत जातं. दोन्ही कड्यांचे वर, खाली, नाकाकडे, कानाकडे असे चार चार भाग पाडलेले असतात. आपण ज्यानं वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, ती जागा मधल्या वर्तुळात येते. तिथे पडद्याला नैसर्गिक खळगा असतो. त्यामुळे निरोगी डोळ्यात मधला आकडा सगळ्यात लहान, सिरसवर २५५-२६० च्या आसपास. आतल्या कड्याचे आकडे सगळ्यात मोठे, सव्वातीनशेच्या जवळपास. बाहेरच्या कड्यात जाडी पुन्हा उतरते. हा चढउतार आकड्यांपेक्षाही आधी बघावा. मधला आकडा कड्याच्या बरोबरीला आला किंवा त्याच्या वर गेला, तर खळगा भरलाय, मग मशीन कोणतंही असो. तुमच्या बाबांच्या उजव्या डोळ्यात खळगा शाबूत आहे. कानाकडचा आतला चौकोन मात्र बाकीच्या तिघांपेक्षा पस्तीसेक मायक्रॉननं वर आहे, आणि त्याच बाजूच्या छेदात दोन-तीन लहान काळी भोकं आणि पांढरे ठिपके दिसतात. भोकं म्हणजे पाणी, ठिपके म्हणजे गळतीतून साठलेली चरबी. म्हणजे सूज आहे, ती खोटी नाही. पण ती जूनमध्येही तिथेच होती, आणि केंद्राच्या कडेला आहे.

स्पेक्ट्रॅलिसच्या कागदावर प्रत्येक खणात दोन आकडे असतात. मोठा जाडीचा. त्याच्याखालचा दशांश चिन्हाचा आकडा, तुमच्याकडे ०.२५, हा त्या खणाचं घनफळ आहे, घन मिलिमीटरमध्ये. तो वेगळा काही आजार दाखवत नाही.

मध्यभागी सूज आली असं केव्हा म्हणायचं, यासाठी अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपॅथी क्लिनिकल रिसर्च नेटवर्कने आपल्या चाचण्यांमध्ये मशीननुसार वेगवेगळ्या मर्यादा धरल्या. पुरुषांसाठी सिरसवर ३०५ आणि स्पेक्ट्रॅलिसवर ३२०. बायकांचा पडदा मुळातच थोडा पातळ असतो, म्हणून त्यांच्यासाठी २९० आणि ३०५. बाबांचे २९८ आणि ३१६ हे दोन्ही आपापल्या मशीनच्या मर्यादेच्या किंचित आत आहेत, आणि दोन्ही वेळा जवळपास सारख्याच अंतरानं आत आहेत. हेच कागद आईचे असते, तर दोन्ही आकडे मर्यादेबाहेर गेले असते. तेवढ्यावरून लगेच इंजेक्शन ठरलं नसतं, पण विचार वेगळा झाला असता.

मशीन एकच असतं तरी १८ मायक्रॉनचा फरक मी किती मनावर घेतला असता? निरोगी डोळा लागोपाठ दोनदा मोजला तर पाच-दहा मायक्रॉन इकडे तिकडे होतातच. सुजलेल्या डोळ्यात रेघा नीट बसत नाहीत, म्हणून तिथे साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त बदल झाला तरच मी तो खरा धरतो. ३०० च्या आकड्यात तीसेक मायक्रॉन. शिवाय मधुमेहाची सूज सकाळी उठल्यावर जास्त आणि दुपारपर्यंत थोडी उतरलेली असते, म्हणून पेशंटला मी पुन्हा शक्यतो त्याच वेळेला बोलावतो.

आकडा सरळ सरळ चुकीचा असेल तर ते कसं ओळखायचं? माझ्या हातून एकदा हे निसटता निसटता राहिलं. एका बाईंचा मधला आकडा दोन महिन्यांत २६१ वरून ३५२ वर गेला होता, मशीन तेच. इंजेक्शनची चिठ्ठी लिहायला घेतली आणि कड्याकडे लक्ष गेलं. कानाकडचा चौकोन एकदम ८० मायक्रॉननं खाली आला होता. सूज वाढताना शेजारचा चौकोन असा बुडत नाही. चित्र उघडलं तर नऊ खणांची जाळी नाकाच्या बाजूला सरकलेली. मधल्या वर्तुळात खळग्याऐवजी त्याची जाड कड आली होती आणि खळगा कानाकडच्या चौकोनात जाऊन बसला होता. त्या बाईंना मोतीबिंदूमुळे मशीनमधला हिरवा दिवा नीट दिसत नव्हता, म्हणून नजर भलतीकडे लागली होती. पुन्हा घेतलं, २६४. तेव्हापासून मधला आकडा उडी मारून वाढला की मी आधी शेजारचा कुठला चौकोन पडलाय का ते बघतो. घरी बसून हे तुम्हालाही करता येईल: छापलेल्या छेदाच्या मधोमध खळगा दिसला पाहिजे. तो कडेला असेल किंवा दिसतच नसेल आणि सूजही नसेल, तर तपासणी पुन्हा करायला सांगा.

दुसरी चूक रेघेची. छेदावर रंगीत रेघा छापलेल्या असतील, तर त्या पडद्याच्या कडांवरून सलग जाताहेत का पाहा. मोठ्या पाण्याच्या भोकांपाशी तळाची रेघ अर्ध्यातच अडकते आणि आकडा कमी येतो. पडद्यावर पातळ पापुद्रा धरला असेल तर वरची रेघ त्या पापुद्र्यावर चढते आणि आकडा जास्त येतो. मोतीबिंदू दाट असेल, डोळा कोरडा असेल किंवा बाबांनी पापणी मिटली असेल, तर चित्रच अंधूक येतं. सिरसवर Signal Strength दहापैकी सहाच्या खाली असेल तर मी त्या आकड्यावर काही ठरवत नाही. तुमचा जूनचा कागद उजव्याला ८ आणि डाव्याला ६ दाखवतो. डावा काठावर आहे.

डाव्याकडेच वळू. हिरव्या चौकोनांनी तुमचा जो गोंधळ झालाय, तो माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा होतो. कागदावर रंग दोन ठिकाणी असतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. पडद्याचा मोठा रंगीत नकाशा निव्वळ जाडी दाखवतो, निळा-हिरवा म्हणजे पातळ, लाल-पांढरा म्हणजे जाड. नऊ खणांतला हिरवा मात्र असं सांगतो की, या वयाच्या शंभर निरोगी माणसांत मधल्या नव्वद जणांची जाडी या टप्प्यात असते. जाडी, एवढंच. पडद्याचा तो भाग काम करतोय की नाही, हे त्या हिरव्यात कुठेच नाही.

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत काम केलेल्या आजी आमच्याकडे येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा डाव्या डोळ्याचा मधला आकडा सिरसवर ४८६ होता, नजर ६/६०. पाच इंजेक्शनं झाली, आकडा २४७ वर आला, सगळे खण हिरवे. मुलगा खूश होता. आजी मात्र म्हणाल्या, मला काय फरक नाही बघा. त्यांचंच खरं होतं. छेद मोठा करून दाखवला, तेव्हा मुलालाही पटलं. पडद्याच्या तळाशी एक चकचकीत पांढरी रेघ असते, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची, तिला आम्ही एलिप्सॉइड झोन म्हणतो. आजींच्या खळग्याखाली ती रेघ जवळजवळ अर्धा मिलिमीटर तुटलेली होती. सूज वर्षभर राहिल्यानं त्या पेशी गेल्या होत्या. सूज उतरली, पण तिच्याखालचा पडदा झिजलेला निघाला. कधी कधी तर थोडी सूज आणि थोडी झीज एकाच वेळी असते. एकानं वाढतं, दुसऱ्यानं घटतं, आणि बेरीज बरोबर २५० येते. कागद हिरवा, डोळा आजारी.

बाबांच्या डाव्या डोळ्याच्या छेदातही खळग्याखाली ती पांढरी रेघ मला पुसट वाटते. पण हा मोबाइलवरून काढलेल्या प्रिंटचा फोटो आहे आणि सिग्नल ६ आहे. मोतीबिंदूच्या सावलीनंही रेघ अशी पुसट दिसते, आणि ६/२४ नजर नुसत्या मोतीबिंदूनंही होऊ शकते. दोन्हींचा उपाय पूर्ण वेगळा, त्यामुळे अंदाजावर सोडता येणार नाही. डाव्या डोळ्यासाठी मूळ चित्रं पाहणं, बाहुली मोठी करून मोतीबिंदू किती आहे ते बघणं, आणि छेदात काही सापडलं नाही तर डाय टोचून अँजिओग्राफी करणं लागेल. केंद्राभोवतीच्या केशवाहिन्या बंद पडून रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर जाडी नेहमीसारखी राहूनही नजर जाते. ओसीटीच्या जाडीच्या नकाशात ते दिसत नाही.

आता इंजेक्शनचं. मधल्या भागात सूज आहे पण नजर चांगली आहे, अशा डोळ्यांचं काय करायचं, यावर याच नेटवर्कने मोठी चाचणी केली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. सुमारे ७०० डोळे होते, नजर ६/७.५ किंवा त्याहून चांगली. एका गटाला लगेच अफ्लिबरसेप्टचं इंजेक्शन, एका गटाला लेसर, आणि एका गटाला फक्त नजर ठेवून थांबणं. नजर घसरली तर लेसरच्या आणि थांबलेल्या गटालाही इंजेक्शन द्यायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांत नजर गमावणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, शंभरात १६ ते १९. थांबलेल्या गटातल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे इंजेक्शन लागलं. म्हणजे थांबणं चालतं, पण थांबणाऱ्यानं ठरलेल्या तारखेला दवाखान्यात आलंच पाहिजे. त्या चाचणीत पहिली भेट आठ आठवड्यांनी होती. उसाचा हंगाम, लग्नसराई असं म्हणत आठ महिने गेले आणि सूज केंद्रात शिरली, तर इंजेक्शन घेऊनही गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

बाबांची उजवी नजर ६/६, मधला आकडा मर्यादेच्या आत, सूज कानाकडे. माझ्या मते आजच इंजेक्शनची घाई नाही. पण ज्या डॉक्टरांनी सांगितलं त्यांनी पूर्ण स्कॅन पाहिलाय, मी छापलेला एकच छेद पाहिलाय. सिरसच्या एका स्कॅनमध्ये १२८ छेद असतात, कागदावर त्यातला एखाद-दुसराच येतो. त्यांना केंद्राच्या अगदी जवळ पाणी दिसलं असेल तर त्यांचा सल्ला वेगळा असणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. जूनचा कागद समोर ठेवून एवढंच विचारा: “डॉक्टर, हे दोन वेगळ्या मशीनवरचे आकडे आहेत, सूज वाढल्याचं चित्रात दिसतंय का?” कदाचित जूनचा कागद सिरसचा होता हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. आमच्याकडे पेशंट बहुतेकदा काळापांढरा झेरॉक्स घेऊन येतात. त्यावर रंग नसतात आणि मशीनचं नाव कापलेलं असतं. मूळ रंगीत कागद न्या, आणि जमलं तर पेन ड्राइव्हवर पूर्ण स्कॅनही मागून घ्या.

पुढच्या आठ आठवड्यांच्या आत उजव्या डोळ्याचं ओसीटी पुन्हा करा, आणि ते दोनपैकी एकाच दवाखान्यात. मशीनवाल्याला आधीच्या तपासणीची तारीख सांगा, म्हणजे त्याच जागेवर तुलनेचा स्कॅन घेता येतो. कोणत्या दवाखान्यात करायचं हे तुमच्या जाण्यायेण्याच्या सोयीनं ठरवा, मात्र एकदा ठरवल्यावर मशीन बदलू नका. सिरसवर केलं आणि २९० ते ३०५ च्या मध्ये आलं, तर उजव्या डोळ्यात विशेष काही घडलेलं नाही. ३२५-३३० च्या वर गेलं, किंवा आकडा तोच राहूनही नजर ६/६ वरून घसरली, तर मग इंजेक्शन टाळू नका. दरम्यान बाबांना रोज सकाळी एक डोळा झाकून पंचांगाच्या किंवा कॅलेंडरच्या चौकटीकडे बघायला सांगा, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं. उजव्या डोळ्याला रेघा वाकड्या दिसायला लागल्या तर आठ आठवड्यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.

डाव्या डोळ्याची तपासणी मात्र पुढे ढकलू नका. सध्या सगळ्यांचं लक्ष उजव्याच्या आकड्याकडे आहे, आणि नजर गेलीय ती डाव्याची.